सोनं विकायची तारीख ठरलेली असते तेव्हा

इंदूरच्या मराठी घरांत मुलांसाठी सोनं घ्यायची रीत जुनी आहे. दिवाळीआधीच्या पुष्य नक्षत्राला सराफ्यात पाय ठेवायला जागा नसते. पाडवा, अक्षय तृतीया, दसरा या मुहूर्तांना राजेंद्रनगर-लोकमान्यनगरातली कितीतरी कुटुंबं निदान एक ग्रॅमचं नाणं तरी घेतात. पूर्वी हे सोनं मुलीच्या लग्नाचं म्हणून बाजूला ठेवलं जायचं. आता बरेच आईबाप ते मुलामुलींच्या इंजिनिअरिंगसाठी, मेडिकलसाठी किंवा बाहेरगावच्या कॉलेजसाठी म्हणून घेतात. हेतू बदलला, सोनं घ्यायची पद्धत मात्र तीच राहिली, आणि माझा आक्षेप नेमका इथे आहे.

लग्नासाठी घेतलेलं सोनं शेवटी सोनं म्हणूनच वापरलं जातं. पाच तोळे द्यायचे ठरवले आणि पाच तोळे साठवले, तर भाव वर गेला काय आणि खाली आला काय, काम भागतं. शिक्षणाची गोष्ट वेगळी. कॉलेज फी रुपयांत मागतं आणि ठराविक तारखेला मागतं. जून-जुलैमध्ये कौन्सेलिंगच्या फेऱ्या सुरू झाल्या की जागा मिळाल्यापासून पैसे भरेपर्यंत मोजके दिवस हातात असतात. त्या दिवसांत सोन्याचा भाव काय असेल, हे दहा वर्षं आधी कुणीच सांगू शकत नाही. म्हणून शिक्षणासाठी सोनं साठवणाऱ्याने ‘सोनं चांगलं की वाईट’ यावर वाद घालण्यात अर्थ नाही. त्याने दोन गोष्टी तपासाव्यात. सोनं कोणत्या रूपात घेतल्यावर विकताना सर्वांत कमी पैसे कापले जातात, ही पहिली. आणि विकायच्या वर्षी भाव पडलेला असला तर आपली योजना किती मार सोसू शकते, ही दुसरी. बहुतेक घरांत पहिल्यावर थोडीफार चर्चा होते. दुसरा प्रश्न कुणी विचारतच नाही.

आधी रूपाबद्दल. एक लाख रुपये घेऊन सराफ्यात गेलात आणि बावीस कॅरेटची साखळी घेतलीत असं समजू. घडणावळ बारा टक्के आणि बिलावर तीन टक्के जीएसटी धरला, तर त्या लाखात प्रत्यक्ष सोनं येतं साधारण ८६ हजार ७०० रुपयांचं. तीच साखळी दुसऱ्या दिवशी मोडायला नेली, तर घडणावळ आणि कर दोन्ही गेलेले असतात. शिवाय सराफ टंच काढून, गाळणीची घट म्हणून दोन-तीन टक्के वजा करतो. हातात ८४ हजारांच्या आसपास येतात. म्हणजे सोन्याचा भाव अठरा-एकोणीस टक्के वाढेपर्यंत तुम्ही तोट्यातच आहात. नक्षीकाम जास्त असेल तर घडणावळ वीस टक्क्यांवरही जाते. खडे असलेला दागिना असेल तर खड्यांचं वजनही विकताना वजा होतं. दागिना अंगावर घालायला घ्यावा. फीसाठी तो अत्यंत महाग पडतो.

चोवीस कॅरेटचं नाणं घेतलं तर मजुरी एक-दोन टक्क्यांवर येते, जीएसटी तोच राहतो, आणि विकताना सराफ एक-दोन टक्के कापतो. लाखातले साधारण ९३ ते ९५ हजार हाती लागतात. बँकेतून घेतलेलं नाणं बँक परत घेत नाही, हे मात्र पक्कं लक्षात ठेवावं. ते विकायला शेवटी सराफ्यातच यावं लागतं, आणि बँकेने पाकिटासाठी जास्तीचे घेतलेले पैसे तिथे कुणी मोजत नाही. मोबाइलवर दहा-वीस रुपयांपासून मिळणाऱ्या डिजिटल सोन्याचा हिशेबही जवळपास असाच आहे. तीन टक्के जीएसटी आणि खरेदी-विक्रीच्या भावातला दोन-तीन टक्क्यांचा फरक मिळून पाच-सहा टक्के जातात. त्यात आणखी एक मोठी अडचण आहे. हे सोनं कोणत्याही बाजार नियामकाच्या देखरेखीखाली येत नाही, आणि सेबीने नोव्हेंबर २०२५ मध्ये जाहीर निवेदन काढून तसं स्पष्ट सांगितलं आहे. कंपनी बुडाली तर दाद कुठे मागायची, याला आज ठोस उत्तर नाही. दहा वर्षांच्या उद्दिष्टासाठी असा धोका पत्करायचं काही कारण मला दिसत नाही.

गोल्ड ईटीएफ म्हणजे सोन्यात पैसे ठेवणाऱ्या फंडाचे शेअर बाजारात विकले जाणारे युनिट. त्यात खरेदीवर जीएसटी लागत नाही, घडणावळ नसते, आणि दलाली व भावातला फरक धरून लाखातले दोन-तीनशे रुपयेच जातात. म्हणून तो फुकटच आहे असं सांगितलं जातं. ते खरं नाही. फंड दरवर्षी व्यवस्थापनाचा खर्च कापतो. तो वर्षाला ०.६ टक्के धरला तर दहा वर्षांत साधारण पावणेसहा टक्के होतो, म्हणजे नाण्याच्या एकरकमी खर्चाइतकाच. नाणं लॉकरमध्ये ठेवणाऱ्याला भाडं वेगळं पडतं. चार लाखांच्या सोन्यासाठी वर्षाला दोन हजार भाडं म्हणजे अर्धा टक्का झाला. शिवाय लॉकरमधली वस्तू बँकेच्या चुकीने किंवा कर्मचाऱ्याच्या फसवणुकीने गेली, तरी बँकेची जबाबदारी वार्षिक भाड्याच्या शंभर पटींपर्यंतच आहे. २०२२ पासून लागू असलेला हा नियम फार कमी लोकांना माहीत असतो.

मग ईटीएफ का घ्यावा? खर्च कमी असतो म्हणून नव्हे. तो लहान तुकड्यांत विकता येतो, शुद्धतेवर वाद होत नाही, आणि ज्या दिवशी विकला त्याच दिवशीच्या भावाने पुढच्या कामकाजाच्या दिवशी पैसे मिळतात. शिक्षणासाठीच्या सोन्याला याच तीन गोष्टी सर्वांत जास्त लागतात. अकरा ग्रॅमची साखळी तीन तुकडे करून तीन वेळा विकता येत नाही.

ईटीएफ घेताना एक चूक वारंवार होते. धनत्रयोदशी किंवा अक्षय तृतीयेला मागणी एकदम वाढते आणि युनिटचा बाजारभाव त्यामागच्या सोन्याच्या किमतीपेक्षा वर जातो. फंड कंपन्यांच्या संकेतस्थळांवर दिवसभर बदलणारं सूचक मूल्य दिसतं. बाजारभाव त्याच्याशी ताडून पाहावा आणि मार्केट ऑर्डरऐवजी स्वतः भाव ठरवून लिमिट ऑर्डर टाकावी. योजना निवडताना रोजची उलाढाल भरपूर असलेली घ्यावी, नाहीतर विकताना गिऱ्हाईक मिळत नाही. डीमॅट नको असेल तर गोल्ड फंडात दरमहा एसआयपी करता येते. त्यात खर्च थोडा वाढतो, पण मुहूर्ताची वाट न पाहता बाराही महिने खरेदी होते.

सरकारने सोन्याच्या भावाशी जोडून काढलेले सार्वभौम सुवर्णरोखे हा या उद्दिष्टासाठी सर्वांत चांगला पर्याय होता. नोव्हेंबर २०१५ च्या पहिल्या मालिकेत ग्रॅमला २,६८४ रुपये भाव होता. आठ वर्षांनी, नोव्हेंबर २०२३ मध्ये, ६,१३२ रुपये मिळाले. शिवाय दरवर्षी व्याज. त्यात घडणावळ नव्हती, चोरीची भीती नव्हती आणि मुदतीअखेरच्या नफ्यावर करही नव्हता. फेब्रुवारी २०२४ नंतर सरकारने नवी मालिका आणली नाही. सोनं चढलं की सरकारची देणी फुगतात, हे कारण समजण्यासारखं आहे. पण त्याचा फटका कुणाला बसला ते पाहा. दरवर्षी पाच-दहा ग्रॅम घेणारा सामान्य माणूस पुन्हा घडणावळीकडे आणि मोबाइलवरच्या विनानियमनाच्या सोन्याकडे वळला. मूळ हेतू तर लोकांना प्रत्यक्ष सोन्यापासून दूर नेण्याचा होता. माझं स्पष्ट मत असं की व्याज न देता का होईना, पण वर्षाला पन्नास ग्रॅमच्या मर्यादेत असा रोखा छोट्या बचतदारासाठी चालू ठेवायला हवा होता. आणि तो होत नसेल, तर डिजिटल सोनं विकणाऱ्यांना तरी तातडीने नियामकाच्या कक्षेत आणावं.

जुने रोखे शेअर बाजारात अजून मिळतात. पण शेवटच्या मालिकेची मुदत फेब्रुवारी २०३२ मध्ये संपते. म्हणजे ज्यांच्या मुलाचा प्रवेश तोवर आहे त्यांच्यापुरताच हा मार्ग उरला. त्यातही उलाढाल कमी असते, भाव कधी सोन्यापेक्षा वर तर कधी खाली असतो, आणि दुसऱ्याकडून घेतलेल्या रोख्याला करसवलत गृहीत धरू नये. ज्यांच्याकडे मूळचे रोखे आहेत त्यांनी एवढं पाहावं, की पाच वर्षांनंतर मुदतीआधी पैसे काढायचे तर ते सहामाही व्याजाच्या तारखेलाच निघतात आणि अर्ज त्याआधीच्या महिनाभरात द्यावा लागतो. फीची तारीख जुलैत आणि व्याजाची सप्टेंबरात असेल तर मधल्या दोन महिन्यांची सोय आधी करून ठेवावी लागेल.

सराफांच्या अकरा हप्त्यांच्या योजनेबद्दल थोडक्यात. ‘अकरा तुम्ही भरा, बारावा आम्ही’ ही योजना अकरा महिन्यांचीच असते, कारण कंपनीने मालासाठी घेतलेली आगाऊ रक्कम ३६५ दिवसांत मालात वळती झाली नाही तर ती ठेव ठरते आणि ठेवींचे कडक नियम लागू होतात. म्हणजे तुमचे पैसे ही ठेव नव्हेच. बँकेतल्या ठेवीसारखं त्याला विम्याचं संरक्षण नाही, आणि शेवटी बहुतेक ठिकाणी दागिनाच घ्यावा लागतो. बारावा हप्ता घडणावळीतून परत जातो. लग्नाचा दागिना ठरलेला असेल तर ही योजना वापरावी, फीसाठी नको.

आता दुसरा आणि माझ्या मते महत्त्वाचा प्रश्न, जोखमीचा. सोनं कधी पडत नाही, असं आपल्याकडे छातीठोकपणे सांगतात. गेल्या काही वर्षांत जो भाव चढला त्याने ही समजूत आणखी पक्की झाली. पण २०१२ मध्ये दहा ग्रॅमचा भाव एकतीस हजारांच्या आसपास होता, २०१५ मध्ये तो सव्वीस हजारांवर आला, आणि पुन्हा एकतीस हजार व्हायला २०१८ उजाडलं. सहा वर्षं जिथल्या तिथे. त्याच काळात इंजिनिअरिंगची फी थांबली नव्हती. आणखी जवळचं उदाहरण सुवर्णरोख्यांचंच आहे. ऑगस्ट २०२० मधल्या मालिकेचा भाव ग्रॅमला ५,३३४ रुपये होता आणि मार्च २०२१ मधल्या मालिकेचा ४,६६२. सात महिन्यांत साडेबारा टक्के घट झाली. ज्याची फी मार्चमध्ये होती त्याला पुढच्या तेजीचा काय उपयोग?

भारतातला भाव तीन गोष्टींवर ठरतो. जागतिक बाजारातला डॉलरमधला भाव, रुपयाचा विनिमय दर आणि आयात शुल्क. रुपया घसरतो तेव्हा तो आपल्याला सावरतो, म्हणून २०११ नंतर डॉलरमध्ये सोनं जवळजवळ पंचेचाळीस टक्के पडलं तरी आपल्याकडची घट त्यापेक्षा बरीच कमी होती. पण आयात शुल्क सरकारच्या हातात असतं. २३ जुलै २०२४ च्या अर्थसंकल्पात ते पंधरा टक्क्यांवरून सहा टक्के झालं आणि जगात काहीही घडलेलं नसताना इथला भाव एका झटक्यात उतरला. तो दिवस ऐन प्रवेशाच्या हंगामातला होता, हे विसरू नये.

हे सगळं एका हिशेबात बसवून पाहू. इंदूरमधलं एक कुटुंब घ्या. वडील पीथमपूरच्या कारखान्यात, आई खासगी शाळेत शिक्षिका. मुलगी तिसरीत आहे, २०३६ च्या जुलैमध्ये कॉलेजला जाईल. बाहेरगावच्या खासगी कॉलेजात चार वर्षांचं इंजिनिअरिंग, वसतिगृहासह, आजच्या भावाने वर्षाला तीन लाख. खर्च दरवर्षी सात टक्के वाढला तर दहा वर्षांनी पहिलं वर्ष पडेल पाच लाख नव्वद हजारांना, दुसरं सहा लाख तीस हजारांना, तिसरं पावणेसात लाखांना आणि चौथं सव्वासात लाखांना. एकूण सव्वीस लाखांच्या थोडं वर.

त्यांच्याकडे आज तीस ग्रॅम सोनं नाण्यांच्या रूपात आहे. हिशेब सोपा राहावा म्हणून दहा ग्रॅमला एक लाख धरू, म्हणजे तीन लाखांचं. मुलगी तीन वर्षांची असताना उघडलेल्या सुकन्या समृद्धी खात्यात तीन लाख आहेत, आणि दरमहा बारा हजार बाजूला टाकता येतात. यातले पाच हजार सुकन्यात, चार हजार इंडेक्स फंडात आणि तीन हजार गोल्ड फंडात गेले असं समजू. सुकन्यावर आठ टक्के धरले तर दहा वर्षांनी खात्यात साडेपंधरा लाख होतील. पण इथे एक अट आहे. उच्च शिक्षणासाठी मागच्या आर्थिक वर्षअखेरच्या शिल्लकीच्या निम्मीच रक्कम काढता येते. बाकीची खातं उघडल्यापासून एकवीस वर्षांनी, म्हणजे मुलगी चोवीस वर्षांची झाल्यावर मिळेल. हे न पाहता पूर्ण रक्कम फीसाठी मोजणारी घरं पुष्कळ आहेत. तर सुकन्यातून पावणेआठ लाख. इंडेक्स फंडातून दहा टक्क्यांनी आठ लाख. सोन्याची वाढ सात टक्के धरली तर जुनी नाणी आणि दरमहाची खरेदी मिळून अकरा लाख. बेरीज सव्वीस-सत्तावीस लाखांची होते आणि कागदावर सगळं जुळतं.

आता सोनं विकायच्या वर्षी ते एक तृतीयांशाने पडलेलं आहे असं धरा. अकरा लाखांचे सात लाख तीस हजार झाले. खड्डा पडला पावणेचार लाखांचा. हा खड्डा हे कुटुंब भरू शकतं का? चार लाखांपर्यंतच्या शैक्षणिक कर्जाला बँका सहसा तारण मागत नाहीत, आईवडील सहकर्जदार असले की पुरतं. पूर्ण चार लाख दहा टक्के व्याजाने सात वर्षांत फेडायचे तर हप्ता येतो महिना साडेसहा हजारांच्या थोडा वर. बचतीचे बारा हजार तोवर मोकळे झालेले असतील. म्हणजे ही योजना एवढा मार सोसू शकते.

हेच बाराच्या बारा हजार सोन्यात गेले असते, तर सुकन्यातले जुने तीन लाख न धरता, दहा वर्षांनी जुन्या नाण्यांसह जवळपास तेवढीच, सव्वीस-सत्तावीस लाखांची रक्कम दिसली असती. पण एक तृतीयांश घटीत जवळजवळ नऊ लाखांचा खड्डा पडला असता. त्याच व्याजाने हप्ता पंधरा हजारांच्या घरात जातो, आणि एवढ्या कर्जाला घर किंवा ठेव तारण मागितली जाण्याची शक्यता मोठी. म्हणजे कागदावरची रक्कम सारखीच असताना एक योजना उभी राहते आणि दुसरी कोसळते. फरक फक्त सोन्याच्या वाट्याचा आहे.

यातून एक सोपा आडाखा मिळतो आणि तो मी कुणालाही सुचवीन. फीच्या वर्षांत कर्जाने, पगाराने किंवा घरच्यांच्या मदतीने जास्तीत जास्त किती रक्कम उभी करता येईल ते आधी प्रामाणिकपणे ठरवा. त्या रकमेच्या तिप्पट, एवढीच त्या वेळी सोन्यात असू द्या. चार लाख उभे करता येत असतील तर सोनं बारा लाखांपर्यंत. नोकरी कायम नसेल, घरात आधीच गृहकर्ज असेल आणि एक लाखही जड जाणार असतील, तर सोनं तीन लाखांवर जाऊ नये, भाव कितीही चढता असो. मुलाला परदेशात पाठवायचं असेल तर हा वाटा थोडा वाढवायला हरकत नाही. तिथली फी डॉलरमध्ये असते आणि रुपया घसरला की सोनंही रुपयांत वाढतं, त्यामुळे ते काही प्रमाणात भरपाई करतं.

दुसरी गोष्ट क्रमाची. सोन्याने पहिल्या वर्षाची फी भरायची योजना करू नये. वरच्या उदाहरणात सुकन्या आणि इंडेक्स फंड मिळून पहिल्या दोन वर्षांचे सव्वाबारा लाख देतात आणि तीन-साडेतीन लाख उरतातही. सोनं तिसऱ्या आणि चौथ्या वर्षासाठी ठेवलं, तर त्याला वाट पाहायला आणखी दोन-तीन वर्षं मिळतात. मात्र पुढच्या चोवीस महिन्यांत लागणारे पैसे सोन्यात नसावेत. तिसऱ्या वर्षाची फी जुलै २०३८ मध्ये असेल, तर तेवढं सोनं मुलगी बारावीत असताना दर तीन महिन्यांनी एक याप्रमाणे चार तुकड्यांत विकून मुदत ठेवीत टाकावं. चौथ्या वर्षाचं सोनं ती कॉलेजच्या पहिल्या वर्षात असताना. इंडेक्स फंडाचंही हेच, फक्त आणखी आधी, दहावीपासून. भाव चढत असताना विकवत नाही, हे मला ठाऊक आहे. पण तारखा आधीच लिहून ठेवल्या की त्या दिवशीच्या भावावर घरात वाद होत नाही.

करापायी विक्री पुढे ढकलण्यात फारसं काही मिळत नाही. ईटीएफ बारा महिन्यांनंतर, नाणी-दागिने आणि गोल्ड फंड चोवीस महिन्यांनंतर विकले की नफ्यावर साडेबारा टक्के कर आणि त्यावर उपकर लागतो. शेअरच्या नफ्याला मिळणारी सव्वा लाखाची सूट सोन्याला नाही. पण आईच्या नावे तिच्या माहेरचं सोनं असेल आणि तिचं दुसरं उत्पन्न नसेल, तर तिची न वापरलेली मूळ करमुक्त मर्यादा या नफ्याला लावता येते. नवऱ्याने दिलेल्या पैशातून घेतलेल्या सोन्याला हे चालत नाही, तो नफा नवऱ्याच्या उत्पन्नात धरला जातो. तसंच अल्पवयीन मुलाच्या नावे घेतलेल्या सोन्याचा नफा आईबापांपैकी जास्त उत्पन्न असलेल्याकडे मोजला जातो. त्यामुळे मुलाच्या नावे घेऊन कर वाचत नाही, उलट विकताना कागदपत्रं वाढतात. आपल्याच नावे घ्यावं आणि नामनिर्देशन करावं.

आणि प्रत्यक्ष नाण्यांचं काय करायचं? वरच्या कुटुंबाने तीस ग्रॅम मोडून ईटीएफ करावेत, असं मी म्हणणार नाही. खरेदीचा खर्च होऊन गेला आहे, आता मोडताना पुन्हा घट आणि कर जाईल. शिवाय अडचणीच्या महिन्यात नाणी आणि दागिने गहाण ठेवता येतात, ईटीएफवर किंवा सोन्याच्या लगडीवर बँक सोनेतारण कर्ज देत नाही. नाण्यांना एका कर्जदारामागे पन्नास ग्रॅमची मर्यादा आहे. एप्रिल २०२६ पासूनच्या नियमांनुसार अडीच लाखांपर्यंतच्या कर्जाला सोन्याच्या किमतीच्या पंच्याऐंशी टक्क्यांपर्यंत रक्कम मिळू शकते. प्रवेशाची फी आणि ठेव मोडायची तारीख यांत महिना-दोन महिन्यांचं अंतर असेल तर हे तारण कामाचं. भाव पडत असताना वर्षभरासाठी मात्र ते घेऊ नये, कारण किंमत उतरली की बँक जादा सोनं किंवा रोख मागते.

ही नाणी दहा वर्षांनी विनातक्रार विकली जावीत, म्हणून आज दोन कामं करावीत. पक्कं बिल, ज्यावर वजन, शुद्धता, मजुरी आणि जीएसटी वेगळे लिहिलेले असतील, ते स्कॅन करून ठेवावं. कच्च्या चिठ्ठीवर घेतलेलं सोनं तीन टक्के स्वस्त वाटतं, पण विकताना खरेदीची किंमत सिद्ध करता येत नाही आणि नफा फुगलेला दिसतो. दागिना असेल तर त्यावरचा सहा अक्षर-आकड्यांचा ओळख क्रमांक, म्हणजे एचयूआयडी, बीआयएस केअर ॲपवर तपासावा. एप्रिल २०२३ पासून हॉलमार्कच्या दागिन्यावर तो सक्तीचा आहे, आणि ॲपवर दिसणारी वस्तू व शुद्धता हातातल्या वस्तूशी जुळायला हवी. मोडायला नेताना एकाच दुकानात भाव ठरवू नये. सराफ्यात यंत्रावर टंच तपासून घ्यावा, तो कागद घेऊन दोन-तीन ठिकाणी विचारावं, घट किती टक्के धरणार हे आधी बोलून घ्यावं आणि पैसे थेट खात्यात घ्यावेत. एकाच वेळी दोन लाख किंवा त्याहून अधिक रक्कम रोख स्वीकारण्यास कायद्याने बंदी आहे, आणि कॉलेजची फीही खात्यातूनच जायची असते.